चिंधीवरून ताग्यापर्यंत

मॅचिंग सेंटरमध्ये जुन्या ब्लाउजचा तुकडा पुढे केला आणि ‘अगदी असंच कापड हवंय’ असं म्हटलं, की दुकानदार आधी तुकड्याचा रंग पाहतो. मागच्या फळीवरून त्या रंगाचे तीन-चार तागे काढतो, काउंटरवर उलगडतो आणि म्हणतो, “घ्या ताई, टू बाय टू रुबिया, प्युअर कॉटन.” रंग जुळलेला असतो, म्हणून आपण घेऊन येतो. दोन धुण्यांनंतर लक्षात येतं की हे कापड घाम शोषत नाही, मुंढ्याशी शिवण सरकते आहे आणि अंगाला जुन्या ब्लाउजसारखं बसत नाही. याचा अर्थ दुकानदार खोटं बोलला असाच नाही. बाजारात रुबिया, पॉपलीन, केंब्रिक ही नावं फार सैलपणे वापरली जातात आणि एकाच नावाखाली वेगवेगळ्या जातीचं कापड विकलं जातं. नाव सांगून कापड मिळत नाही. ते कशाचं आणि कसं विणलंय, हे सांगितलं तर मिळतं. आणि ते सांगायला लागणारी बहुतेक माहिती दोन बोटं रुंदीच्या चिंधीतही असते.

ती काढायची कशी, हे मी एका खऱ्या तुकड्यावरून सांगते. आमच्या शेजारच्या काकूंचा डाळिंबी रंगाचा सुती ब्लाउज होता, पंधरा-वीस वर्षं वापरलेला. त्यांना त्याच कापडाचे आणखी ब्लाउज शिवायचे होते आणि आणलेलं प्रत्येक कापड त्या ‘हे ते नव्हे’ म्हणून बाजूला ठेवत होत्या. त्यांचा हात बरोबर सांगत होता, फक्त हाताला कळलेलं दुकानदाराला कसं सांगायचं हा प्रश्न होता.

नमुना कुठून कापायचा इथपासून सुरुवात होते. शिंप्याने शिवणीच्या आत जी माया सोडलेली असते, तिथलं कापड सगळ्यात चांगलं. उन्हाने ते विटलेलं नसतं, घासून विरलेलं नसतं, आणि कापलं तरी ब्लाउजला काही होत नाही. काकूंच्या ब्लाउजच्या बाजूच्या शिवणीतून आम्ही ५ सेंटिमीटर लांब आणि २ सेंटिमीटर रुंद अशी पट्टी काढली. धाग्याच्या रेषेत, सरळ कापलेली. हे माप मुद्दाम घेतलं होतं. त्याचं क्षेत्रफळ १० चौरस सेंटिमीटर, म्हणजे एका चौरस मीटरचा हजारावा भाग, त्यामुळे पुढचा हिशेब तोंडी होतो.

एवढ्याशा तुकड्यावर तपासण्या करताना क्रम पाळावा लागतो. आधी मोजायचं, मग वजन करायचं, मग धागे उसवायचे आणि जाळायचं सगळ्यात शेवटी. बरेच जण पहिल्यांदा काडी ओढतात आणि मग मोजायला काही उरत नाही.

मोजायचे ते धागे. कापड व्यापाऱ्यांकडे त्यासाठी घडीचं छोटं भिंग असतं, त्याच्या तळाशी बरोबर एक इंचाची चौकट असते. ते नसेल तर तुकड्याशेजारी मोजपट्टी ठेवून मोबाइलने अगदी जवळून फोटो काढायचा, तो मोठा करायचा आणि एका सेंटिमीटरमधले धागे सुईच्या टोकाने मोजायचे. आकड्याला अडीचने गुणलं की इंचाचा अंदाज येतो, नेमका हवा असेल तर २.५४ ने. उभे धागे वेगळे मोजायचे, आडवे वेगळे. काठ नसलेल्या तुकड्यात उभे कुठले हे ओळखायला तुकडा दोन्ही दिशांनी हलकेच ताणून पाहावा. ज्या दिशेला तो कमी ताणला जातो ती बहुधा उभ्या धाग्यांची असते, कारण मागावर हे धागे घट्ट ताणलेले असतात. शिवाय साध्या सुती कापडात उभे धागे सहसा आडव्यांपेक्षा दाट असतात. काकूंच्या तुकड्यात इंचाला उभे ८२ आणि आडवे ७६ धागे निघाले. विणकर साधी, एक धागा वर एक खाली.

नंतर वजन. इथे स्वयंपाकघरातला काटा कामाचा नाही, मिलिग्रॅम दाखवणारा लागतो. असा काटा बहुतेक सराफांच्या पेढीवर असतो आणि ओळखीचा सराफ एवढंसं वजन आनंदाने करून देतो. आमची पट्टी ८० मिलिग्रॅम भरली. पट्टी १० चौरस सेंटिमीटरची, म्हणून चौरस मीटरला ८० ग्रॅम. बाजारात याला जीएसएम म्हणतात. तलम ब्लाउजच्या कापडाला हा आकडा शोभणारा आहे. शर्टाचं पॉपलीन याहून बरंच जड असतं.

खरी ओळख मात्र धागा उसवल्यावर पटली. पट्टीतून एक उभा धागा सुईने अलगद ओढून काढला, पांढऱ्या कागदावर ठेवला, एक टोक बोटाखाली दाबून धरलं आणि दुसरं टोक पीळ उलगडेल त्या दिशेने हळूहळू फिरवलं. काही वेळाने धागा मधोमध फाकला आणि त्यातून दोन बारीक धागे वेगळे झाले. प्रत्येक धागा आणखी उलगडला तर त्यातून दोन-तीन सेंटिमीटरचे मऊ तंतू सुटे होऊन आले. मग आडवा धागा घेतला. तोही तसाच दोन पदरांचा निघाला. ‘टू बाय टू’चा अर्थ हाच: उभा धागा दुपदरी, आडवाही दुपदरी. ‘टू बाय वन’ म्हणजे उभा दुपदरी आणि आडवा एकेरी.

दोन पदरांनी एवढा काय फरक पडतो? सुती धागा कुठे किंचित जाड, कुठे किंचित बारीक असतोच. दोन धागे एकत्र पिळले की एकाची बारीक जागा दुसऱ्याच्या जाड जागेशी जुळते आणि धागा एकसारखा होतो. तंतूंची बाहेर डोकावणारी टोकं पिळात दाबली जातात, त्यामुळे पोत गुळगुळीत राहतो आणि धुऊन धुऊन लवकर लव येत नाही. धागा बारीक असूनही मजबूत होतो. ब्लाउज हा अंगाशी घट्ट बसणारा कपडा आहे, त्याच्या पाठीवर आणि मुंढ्यावर सतत ताण येतो. तिथे एकेरी धाग्याचं तलम कापड शिवणीपाशी सरकतं, दुपदरी तग धरतं. काकूंच्या हाताला जे जाणवत होतं, त्यातलं बरंचसं हेच होतं.

धागा किती बारीक आहे, हेही काढता येतं. सुताचा नंबर जितका मोठा, तितकं सूत बारीक. ५ सेंटिमीटरचे ४० धागे उसवले की २ मीटर सूत हाती येतं. आमचं २ मीटर सूत २४ मिलिग्रॅम भरलं. मीटरच्या आकड्याला ५९० ने गुणायचं आणि मिलिग्रॅमने भागायचं की इंग्रजी पद्धतीचा नंबर मिळतो: ५९० गुणिले २ भागिले २४, म्हणजे सुमारे ४९. धागा दुपदरी असल्याने एकेका पदराचा नंबर जवळजवळ दुप्पट, म्हणजे शंभरच्या आसपास. एवढ्या छोट्या वजनात एका मिलिग्रॅमची चूक झाली तरी नंबर दोनाने पुढेमागे होतो, म्हणून हा आकडा तंतोतंत मानायचा नाही. पण शंभर नंबरचं दुपदरी सूत आहे की साठ नंबरचं एकेरी, एवढं यावरून नक्की कळतं, आणि बाजारात तेवढं पुरतं.

आता जाळायचं. खाली स्टीलची ताटली, शेजारी वाटीभर पाणी, हातात चिमटा. पूर्ण कापड पेटवायचं नाही, उसवलेल्या धाग्यांची छोटी जुडी करायची, आणि उभ्या व आडव्या धाग्यांच्या जुड्या वेगळ्या ठेवायच्या. सुती धागा ज्योतीपासून दूर पळत नाही, लगेच पेट घेतो, कागद जळल्याचा वास येतो, ज्योत विझल्यावरही टोक थोडा वेळ धुमसत राहतं आणि मागे राखाडी, फुंकर मारली तर उडेल अशी राख राहते. पॉलिएस्टर ज्योत जवळ येताच आकसतं, वितळतं, काळा धूर सोडतं आणि थंड झाल्यावर काळा कडक मणी होतो, जो नखाने फुटत नाही. रेशीम आणि लोकरीला केस जळल्यासारखा वास येतो, त्यांचा काळा गोळा बोटांनी चुरडता येतो. फसगत होते ती मिश्र कापडात. सुती-पॉलिएस्टर धागा पेटताना वास कागदाचाच येतो, म्हणून नुसत्या वासावर जाऊ नये. राख थंड झाल्यावर दोन बोटांत चोळून पाहावी. कुठे बारीक, टणक खडा लागला तर त्यात पॉलिएस्टर आहे.

जाळून जे कळत नाही तेही सांगायला हवं. व्हिस्कोस, म्हणजे ज्याला आपण रेयॉन म्हणतो, ते लाकडाच्या लगद्यापासून बनतं. त्याचा मूळ पदार्थ कापसासारखाच सेल्युलोज, म्हणून ते अगदी सुतासारखं जळतं. त्यासाठी साधी युक्ती आहे. एक धागा घ्यायचा, त्याच्या मध्यावर पाण्याचा थेंब टेकवायचा आणि दोन्ही टोकं धरून ओढायचं. व्हिस्कोस भिजलं की त्याची ताकद निम्म्यावर येते, त्यामुळे धागा नेमका ओल्या जागी तुटतो. सूत भिजल्यावर उलट थोडं मजबूत होतं, ते कुठेतरी कोरड्या जागी तुटतं. चार-पाच धाग्यांवर करून पाहिलं की शंका राहत नाही. आमचे धागे ओल्या जागी तुटले नाहीत आणि राखेत खडा लागला नाही. निखळ सुती.

मिश्रणात पॉलिएस्टर किती टक्के, हे मात्र घरी कळणार नाही. प्रयोगशाळेत कापूस गंधकाम्लात विरघळवतात, उरलेल्या पॉलिएस्टरचं वजन करतात आणि टक्केवारी काढतात. मुंबईत प्रभादेवीला वस्त्रोद्योग समितीची, घाटकोपरला ‘बीटीआरए’ या संशोधन संस्थेची आणि वरळीला ‘सस्मिरा’ची अशी चाचणी केंद्रं आहेत. एका ब्लाउजपीससाठी तिथे जायची गरज नाही. पण शाळेच्या गणवेशासाठी शेकडो मीटर कापड घ्यायचं असेल, तर चाचणीचा खर्च चुकीच्या कापडापुढे काहीच नाही. घरी हे आम्ल वापरून पाहण्याच्या फंदात पडू नये.

तर आमच्या हाती आता दुकानदाराला सांगता येईल असं एक वाक्य होतं: निखळ सुती, दोन्हीकडे दुपदरी शंभर नंबर, साधी वीण, इंचाला ८२ बाय ७६, जीएसएम ८०. पण हे आकडे जसेच्या तसे घेऊन बाजारात गेलं तर नवं कापड हमखास चुकतं. जुनं कापड धुण्यात आटलेलं असतं. आटलं की धागे जवळ येतात, म्हणून इंचातले धागे वाढतात आणि वजनही वाढतं. सुती कापड लांबीत पाच टक्के आटणं ही नेहमीची गोष्ट. तेवढं मागे मोजलं तर आडव्या ७६ धाग्यांचे नव्या कापडात ७२ असणार. रुंदीत ते कमी आटतं, म्हणजे उभे ८२ चे ८० धरावेत. वजन ७५ च्या आसपास यायला हवं. कोऱ्या कापडाला खळ असेल तर वजनात तीही धरली जाते, म्हणून तुलना नेहमी नव्या कापडाचा छोटा तुकडा गरम पाण्यात धुऊन, वाळवून मगच करावी.

आम्ही तीन तुकडे जमवले. पहिला दिसायला सगळ्यात देखणा, चमक असलेला, हाताला कडक. त्याचा उभा धागा दुपदरी निघाला, आडवा मात्र उलगडत गेला तरी फाकला नाही, आणि आडव्याच्या राखेत खडा लागला. ‘टू बाय टू’ म्हणून दिलेलं हे कापड प्रत्यक्षात टू बाय वन, तेही मिश्र. दुसऱ्यात इंचाला ९२ बाय ८८ धागे होते, पूर्ण सुती. दुकानदाराचं म्हणणं, धागे जास्त म्हणजे कापड चांगलं. पण धागा दोन्हीकडे एकेरी, साठ नंबरचा. हे केंब्रिक, चांगल्या प्रतीचं, पण रुबिया नव्हे. नुसती धाग्यांची संख्या जास्त म्हणून कापड वरच्या प्रतीचं ठरवू नये. तिसरा तुकडा ८० बाय ७२ निघाला, दोन्हीकडे दुपदरी, राख मऊ. तो धुतला, वाळवला आणि काकूंच्या हातात दिला. त्यांनी अंगठा आणि तर्जनीत धरून चोळला आणि म्हणाल्या, “हे.”

दुकानात कापड तपासताना एक सावधगिरी महत्त्वाची. दुकानदार ताग्याच्या काठातून एक धागा ओढतो आणि तुमच्यासमोर जाळून दाखवतो. पण काठ कापडाला फाटण्यापासून वाचवण्यासाठी असतो. तिथले धागे पुष्कळदा मधल्या धाग्यांपेक्षा जाड किंवा वेगळे असतात. शिवाय काठातून ओढलेला धागा उभा असतो, आडव्याबद्दल तो काहीच सांगत नाही. म्हणून ताग्याच्या कापलेल्या टोकाकडून, काठापासून दोन-तीन इंच आत येऊन, एक उभा आणि एक आडवा असे दोन धागे मागावेत. ज्याचा माल चोख आहे तो नाही म्हणत नाही.

मग हे कापड ठेवणारा माणूस शोधायचा कुठे? पहिली चौकशी मॅचिंग सेंटरमध्येच करावी, पण रंग दाखवून नव्हे. ‘या जातीचा तागा कुठल्या मिलचा आहे आणि शेड कार्ड आहे का?’ असं विचारावं. मिलच्या ताग्याच्या टोकाला शिक्का असतो, त्यावर मिलचं नाव आणि कापडाची जात वाचायला मिळते. ब्लाउजचं सुती कापड बनवणाऱ्या मिल शेड कार्ड काढतात. त्यात कापडाच्या बारीक पट्ट्या ओळीने चिकटवलेल्या असतात आणि प्रत्येक रंगाला नंबर असतो. मिलचं नाव, जात आणि शेड नंबर या तीन गोष्टी मिळाल्या की शोध बराचसा संपतो, कारण मग राज्यातल्या कुठल्याही घाऊक व्यापाऱ्याला फोनवर तेवढंच विचारता येतं.

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मंगळदास मार्केटमध्ये मीटरनेही कापड मिळतं, आणि गल्लीगल्लीत एकेका जातीचं कापड ठेवणारे गाळे आहेत. मूळजी जेठा मार्केट मुख्यतः घाऊकचं. तिथे तागा घ्यायची तयारी हवी. पुण्यात रविवार पेठेचा कापडगंज, कोल्हापूरजवळ गांधीनगर, नागपुरात इतवारी ही तशीच ठिकाणं. इचलकरंजी हे विणकामाचं गाव आहे. एका ब्लाउजसाठी तिथे जाऊन उपयोग नाही, पण एखाद्या भजनी मंडळाला किंवा नाटक कंपनीला एकाच कापडाचे पन्नास पोशाख हवे असतील तर तिथल्या व्यापाऱ्याला वरचं एका ओळीचं वर्णन पाठवावं. ‘ऐंशी बाय बहात्तर, दुपदरी शंभर, सुती’ म्हटलं की त्याला तुमची चिंधी न पाहताही बोलता येतं.

पन्हा विचारायला विसरू नये, कारण चिंधीवरून कळत नाही अशी ती एक गोष्ट आहे. ३६ इंच पन्ह्यात आणि ४४ इंच पन्ह्यात ब्लाउजला लागणारं कापड वेगळं, म्हणून मीटरचा भाव पन्हा कळल्याशिवाय ताडून पाहू नये. दुकान दूर असेल आणि मोबाइलवरून मागवायचं असेल, तर फोटोतल्या रंगावर भरवसा ठेवू नये. आधी हाताएवढा नमुना टपालाने मागवावा आणि हे विचारावं: धागा कशाचा, उभा-आडवा दोन्ही दुपदरी का, पन्हा किती, जीएसएम किती. या चार प्रश्नांना सरळ उत्तरं देणारा व्यापारी बहुधा कापड जाणणारा असतो.

रंगाचं मी शेवटी सांगते आहे, कारण तो शेवटीच पाहायचा असतो. रंग दुकानाच्या दिव्याखाली कधीच पक्का करू नये. दोन वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेली कापडं एका दिव्यात एकसारखी आणि उन्हात स्पष्ट वेगळी दिसू शकतात. तागा दाराशी नेऊन, दिवसाच्या उजेडात, शिवणीच्या आतल्या न विटलेल्या तुकड्याशी ताडून पाहावा. काकूंचा डाळिंबी रंग मिळालेल्या जातीच्या शेड कार्डात नव्हता. म्हणून आम्ही त्याच कापडाचं पांढरं घेतलं आणि रंगाऱ्याला चिंधीसकट दिलं. निखळ सुती असल्यामुळेच हे जमलं. सुती कापडावर रंगाऱ्याचे रंग पक्के बसतात, मिश्र कापडातलं पॉलिएस्टर तोच रंग घेत नाही आणि कापड फिकट, ठिपकेदार दिसतं. रंगवण्यापूर्वी पांढरं कापड धुऊन, खळ काढून घ्यावं, नाहीतर रंग ठिकठिकाणी कमीजास्त चढतो.

पुढच्या वेळी मनासारखं कापड मिळालं, की बिलावर दुकानदाराकडून मिलचं नाव, जात, शेड नंबर आणि पन्हा लिहून घ्या. शिवायला टाकण्याआधी त्यातला चार बोटं तुकडा कापून त्या बिलालाच टाचून ठेवा. हा तुकडा कोरा, न धुतलेला असतो, त्यामुळे आटलेले धागे आणि उडालेला रंग यांचा हिशेब करत बसावं लागत नाही.